दोनशे अक्षरांतले आभार

चाकणच्या एका वाहन कारखान्याला पुरवठादारांकडून येणाऱ्या मालाची गुणवत्ता सांभाळणारा इंजिनिअर हवा आहे, असं धरू. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत चार वर्षं क्वालिटीत काढलेल्या एका मुलीची पहिली मुलाखत झाली. ऑनलाइन, पाऊण तासाची. समोर दोघं होते. एक एचआरच्या बाई आणि दुसरे तिथले क्वालिटी मॅनेजर. बाईंनी पगार, नोटीस पिरियड, पुण्याला यायची तयारी वगैरे विचारलं. खरी मुलाखत मॅनेजरांनी घेतली.

त्यांनी एक प्रश्न टाकला. कोल्हापूरच्या फौंड्रीतून येणारी अॅल्युमिनियमची कास्टिंग्ज आपल्याकडे लीक टेस्टला नापास होण्याचं प्रमाण महिनाभरात दोन टक्क्यांवरून सहावर गेलं. तुम्ही पहिल्यांदा काय कराल? मुलगी तयारीची होती. धातूचं तापमान, साच्यातली हवा, वितळलेल्या धातूत अडकलेला वायू असं तिने फौंड्रीतलं सगळं मांडलं. मॅनेजर ऐकत होते. मग म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण कोल्हापूरला जायच्या आधी इथे काय बघाल?" ती अडखळली, थोडं इकडचं तिकडचं बोलली, आणि वेळ संपली.

संध्याकाळी तिला आभाराचे दोन शब्द पाठवायचे आहेत. एचआर बाईंचा ईमेल आहे, मॅनेजरांचा नाही. (खरं तर मुलाखतीचं जे कॅलेंडर आमंत्रण येतं त्यात बऱ्याचदा सगळ्यांचे पत्ते दिसतात. आधी तिथे बघावं. या वेळी नव्हता.) नाव माहीत आहे, म्हणून ती लिंक्डइनवर शोधते. मॅनेजरांचं पान सापडतं, आणि त्यावर `Connect` नावाचं बटण असतं.

इथे बरेच जण विचार न करता ते बटण दाबतात, आणि मग गोष्टी बिघडायला सुरुवात होते.

ईमेलने आभार मानले तर समोरच्याने काही करायचं नसतं. वाचलं, बरं वाटलं, संपलं. लिंक्डइनवर मात्र अनोळखी माणसाला फुकट खात्यावरून सहसा थेट निरोप पाठवता येत नाही. आधी जोडणीचं आमंत्रण द्यावं लागतं आणि त्या आमंत्रणाला चिठ्ठी जोडावी लागते. म्हणजे तुम्ही आभार मानता आणि त्याच श्वासात काहीतरी मागता: मला तुमच्या ओळखीतल्यांत घ्या. समोरच्याला आता हो किंवा नाही करणं भाग पडतं. ज्या माणसाने अजून चार उमेदवारांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत त्याला हा प्रश्न अडचणीचा वाटू शकतो. अनेक मॅनेजर म्हणूनच भरती संपेपर्यंत कुठल्याच उमेदवाराचं आमंत्रण स्वीकारत नाहीत. त्यात राग नसतो. एकाला हो म्हटलं आणि दुसऱ्याला नाही, असं दिसू नये एवढंच त्यामागे असतं.

म्हणून माझं मत असं, की लिंक्डइन हा पहिला रस्ता नव्हे. एचआर बाईंना ईमेल करावा, त्यात त्यांचे आभार मानावेत आणि मॅनेजरांसाठी एक परिच्छेद लिहून तो पुढे पाठवायची विनंती करावी. बहुतेक एचआरवाले पाठवतात. लिंक्डइन योग्य ठरतं ते दोन प्रसंगी. ही नोकरीच तिथून आली असेल, म्हणजे कंपनीच्या माणसाने तुम्हाला तिथे आधी निरोप पाठवला असेल, तर तो संवाद उघडाच असतो. त्याच धाग्यात आभार लिहायचे, आमंत्रणबिमंत्रण काही लागत नाही. आणि दुसरा प्रसंग म्हणजे मुलाखतकार स्वतःच म्हणाला असेल, "लिंक्डइनवर जोडून घ्या." आपल्या उदाहरणात मॅनेजर शेवटी तसं म्हणाले होते, असं धरून पुढे जाऊ.

आता चिठ्ठी. फुकट खात्यावर आमंत्रणाच्या चिठ्ठीला दोनशे अक्षरांची मर्यादा आहे, पैसे भरणाऱ्यांना तीनशे. शब्द नव्हेत, अक्षरं, आणि मधली रिकामी जागाही त्यात धरली जाते. शिवाय फुकट खात्याला महिन्याला अशा मोजक्याच चिठ्ठ्या मिळतात. त्या संपल्या असतील तर आमंत्रण नुसतंच जातं. हे नियम लिंक्डइन अधूनमधून बदलत असतं, पण हात आखडलेला आहे एवढं नक्की.

मुलाखत मराठीत सुरू होऊन इंग्रजीत गेली असो वा उलट, आपल्याकडे ही चिठ्ठी बहुधा इंग्रजीतच लिहिली जाते. मॅनेजरांना ती कुणाला दाखवायची झाली तर ते सोयीचं पडतं. मराठीत लिहायला काहीच हरकत नाही, मात्र संगणकाच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याची खूण ही सगळी स्वतंत्र धरली जातात, त्यामुळे दोनशे फार लवकर भरतात. तिने लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी १८६ अक्षरांची झाली. तिचा मराठी अर्थ असा:

"एसक्यूईच्या जागेसाठी आज सकाळी माझ्याशी बोललात, आभारी आहे. कास्टिंग पुरवठादाराच्या लीक टेस्ट रिजेक्शनचा तुमचा प्रश्न मनात राहिला. तुमची टीम ते कसं हाताळते हे ऐकायला मिळालं, बरं वाटलं."

तीन वाक्यं. पहिल्यात कोण आणि कशासाठी, हे कळतं. हे अगदी आधी यायला हवं, कारण फोनच्या पडद्यावर सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात. "आशा आहे की आपण कुशल असाल" असली सुरुवात केली तर दिसणारी जागा तिथेच खर्च होते. मॅनेजरांनी त्या आठवड्यात आठ जणांशी बोललेलं असू शकतं. नाव आणि फोटोवरून त्यांना मुलगी आठवेल याची खात्री नाही. लीक टेस्टच्या प्रश्नावरून मात्र नक्की आठवेल. दुसरं वाक्य म्हणूनच महत्त्वाचं. ते फक्त याच मुलाखतीला लागू पडतं. ते काढून टाका, आणि उरलेली चिठ्ठी कुणीही कुणालाही पाठवू शकेल अशी होते.

काय नाही तेही बघा. "मी या पदासाठी अत्यंत योग्य आहे" नाही. "आपल्या सकारात्मक उत्तराच्या प्रतीक्षेत" नाही. दोनशे अक्षरांत आभारही मानायचे आणि गळही घालायची म्हटलं तर दोन्ही अर्धवट राहतं, आणि लक्षात राहते ती गळ. "सर" लिहावं की नाही, हाही प्रश्न मुलांना छळतो. मुलाखतीत जे म्हणत होतात तेच लिहावं. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत "सर" सर्रास चालतं. हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत वयाने दुप्पट माणसालाही पहिल्या नावाने हाक मारतात. मुलाखतीत नावाने बोलावून चिठ्ठीत एकदम "आदरणीय महोदय" झालं की विचित्र दिसतं.

पाठवतानाची एक चूक इतकी सर्रास होते की ती सांगायलाच हवी. फोनवरच्या अॅपमध्ये काही ठिकाणी `Connect` दाबलं की आमंत्रण तत्काळ सुटतं. चिठ्ठीचं कुणी विचारतच नाही. ज्याला चिठ्ठी जोडायची आहे त्याने आधी त्या माणसाच्या पानावर जावं, तिथल्या मेनूत आमंत्रणाला मजकूर जोडायचा पर्याय शोधावा, किंवा सरळ संगणकावरून पाठवावं. तिथे `Add a note` असं स्पष्ट विचारलं जातं. नुसतं आमंत्रण सुटलं की घाबरून ते मागे घ्यायचा मोह होतो. तसं करू नये. मागे घेतलं तर त्याच माणसाला पुन्हा आमंत्रण द्यायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. तोवर दुसरी फेरीही होऊन जाईल. गेलं ते राहू द्यावं आणि आभाराचा मजकूर एचआरच्या ईमेलने पाठवावा.

पैसे भरून मिळणाऱ्या इनमेलने आमंत्रणाशिवाय लांब निरोप पाठवता येतो. सुमारे एकोणीसशे अक्षरं चालतात. मला तो मार्ग आभारासाठी पटत नाही. एक तर ज्या डब्यात जाहिराती आणि भरतीवाल्यांचे निरोप येऊन पडतात तिथेच तो जाऊन बसतो. दुसरं म्हणजे एकोणीसशे अक्षरं मिळाली की माणूस ती भरतो.

वेळेचं म्हणाल तर त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. मुलाखत संपल्यावर पाचव्या मिनिटाला चिठ्ठी पोचली तर ती आधीच लिहून ठेवली होती, हे कळतं. आणि आठवड्याने पाठवली तर ती आभाराची न राहता "माझं काय झालं?" अशी वाचली जाते.

हा रिवाज मुळात अमेरिकेतला. तिथे मुलाखतीनंतर आभाराचं पत्र पाठवायची पद्धत ईमेलच्याही आधीची आहे, आणि करिअरचे सल्लागार चोवीस तासांची मुदत घालून देतात. २०१९ साली बिझनेस इनसायडर या प्रकाशनाच्या एक वरिष्ठ संपादक, जेसिका लीबमन, यांनी लिहिलं, की मुलाखतीनंतर आभाराचा ईमेल न पाठवणाऱ्याला मी नोकरी देत नाही. त्यावर समाजमाध्यमांत मोठा गदारोळ झाला. लोकांचा आक्षेप सरळ होता. हा अलिखित नियम ज्यांच्या घरात आधीच ऑफिसात नोकऱ्या करणारे आहेत त्यांनाच ठाऊक असतो. बाकीच्यांना ते कुणी सांगितलेलंच नसतं, मग त्यांची परीक्षा कसली घेता?

हा आक्षेप आपल्याकडे तर जास्तच लागू पडतो. आपले बहुतेक मुलाखतकार आभाराची वाटच बघत नाहीत. सातपूर, शिरोली, बुटीबोरीतल्या मॅनेजरांना अशी चिठ्ठी आली तर छान वाटेल, आली नाही तर त्यांच्या ते ध्यानातही येणार नाही. बऱ्याच कंपन्यांत मुलाखतकाराला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी एक तक्ता भरून द्यावा लागतो: तांत्रिक ज्ञान इतकं, बोलणं इतकं, पुढच्या फेरीला बोलवावं की नाही. चिठ्ठी पोचेपर्यंत तो बहुधा भरूनही झालेला असतो. तेव्हा गुण वाढवायला म्हणून ती लिहायची असेल तर न लिहिलेली बरी. अमेरिकेतल्या कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात मुलाखत असेल आणि समोरचा माणूस न्यू जर्सीतून बोलत असेल, तर मात्र न चुकता पाठवावी. तिथे ती अपेक्षित असते.

आणि एका ठिकाणी ती अजिबात पाठवू नये. एमपीएससी, यूपीएससी, सरकारी बँका, महामंडळं. यांच्या जाहिरातींत एक ओळ सापडते, की उमेदवारीसाठी कोणत्याही प्रकारे दबाव किंवा वशिला आणण्याचा प्रयत्न केल्यास अपात्र ठरवलं जाईल. मुलाखत मंडळाच्या सदस्याला लिंक्डइनवर शोधून काढून "आज भेटून आनंद झाला" असं लिहिणं कितीही निरागस असलं तरी या ओळीखाली ओढलं जाऊ शकतं. तिथे दारातून बाहेर पडताना हात जोडले, तेवढे पुरे.

आता पुन्हा आपल्या मुलीकडे. तिचं खरं दुखणं आभार नव्हतंच. तो अर्धवट राहिलेला प्रश्न तिच्या डोक्यात घोळत होता. पंचवटीतल्या घरी जेवताना तिला उत्तर सुचलं. कोल्हापूरला जायच्या आधी स्वतःचं लीक टेस्ट मशीन बघायचं. ज्याची गळती किती आहे हे ठाऊक आहे असा मास्टर पीस लावून मशीन बरोबर वाचतंय का ते तपासायचं. फिक्स्चरचं रबरी सील झिजलं असेल तर हवा तिथून निसटते आणि चांगला पीसही नापास ठरतो. त्यानंतर नापास मालावरचे हीट नंबर बघायचे. सगळे एकाच घाणीचे असतील तर दोष फौंड्रीचा. सगळ्या घाणींत विखुरलेले असतील तर आधी आपल्याच घरात शोधायचं.

हे मॅनेजरांना कळवावं का? माझ्या मते हो, पण एका अटीवर. चुकलेलं उत्तर दुरुस्त करणारी चिठ्ठी एकाच मुद्द्याची असावी, आणि तो मुद्दा तांत्रिक असावा. "माझा पगाराचा आकडा चुकून कमी सांगितला गेला" हे मॅनेजरांना लिहायचं नसतं, ते एचआरशी बोलायचं. "मी घाबरले होते म्हणून नीट बोलता आलं नाही" हेही नको. ती सबब आहे, आणि ज्याने ते पाहिलंही नव्हतं त्यालाही आता ते दिसतं. पण राहून गेलेलं उत्तर चार ओळींत नेमकं मांडलं, तर क्वालिटीतल्या माणसाला त्यात एक गोष्ट दिसते: ही मुलगी प्रश्न घरी घेऊन गेली.

आमंत्रणाच्या दोनशे अक्षरांत हे बसत नाही, आणि बसवूही नये. मॅनेजरांनी तिसऱ्या दिवशी आमंत्रण स्वीकारलं. स्वीकारलं की ती चिठ्ठी संवादातला पहिला निरोप होऊन बसते आणि त्याखाली मोकळेपणी लिहिता येतं. तिथे तिने लिहिलं:

"सर, जोडून घेतलंत, आभार. त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं की आधी इथे काय बघाल. मी थेट फौंड्रीवर गेले, ते घाईचं होतं. आधी मास्टर पीसवर लीक टेस्टर आणि फिक्स्चरचं सील तपासेन, नापास पीस पुन्हा टेस्ट करेन, मग हीट नंबरनुसार वेगळे करेन. उत्तराची अपेक्षा नाही, फक्त अपुरं राहिलेलं पूर्ण केलं."

शेवटचं वाक्य मला आवडलं. त्याने मॅनेजरांवरचं उत्तर द्यायचं ओझं उतरतं. एक सावधगिरी मात्र इथेही हवी. संगणकावर निरोप लिहिताना एंटर दाबलं की तो पाठवला जावा, असं सेटिंग असू शकतं. दुसरा परिच्छेद सुरू करायला म्हणून एंटर दाबलं आणि अर्धा निरोप गेला, हे फार जणांचं होतं. पाठवलेला निरोप साठ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो किंवा पुसता येतो, पण दुरुस्त केल्याची आणि पुसल्याची खूण समोरच्याला दिसते. आधी नोंदवहीत लिहावं, दोनदा वाचावं, कंपनीचं नाव बरोबर आहे ना ते बघावं आणि मग तिथे चिकटवावं. एकाच वेळी तीन कंपन्यांत मुलाखती देणाऱ्यांनी तर कंपनीचं नाव नक्की तपासावं. आणि मुलाखतीला तिघं बसले असतील तर तिघांना तोच मजकूर पाठवू नये. ती तिघं शेजारी बसतात.

निरोप वाचला गेला की त्याखाली वाचणाऱ्याचा छोटा फोटो दिसतो, अर्थात दोघांनीही ती सोय चालू ठेवली असेल तरच. फोटो दिसला आणि उत्तर आलं नाही, की उमेदवाराची झोप उडते. त्यातून काहीही निघत नाही. मॅनेजरांनी शॉपफ्लोअरवर उभं राहून वाचलं असेल, एचआरने उमेदवारांशी परस्पर बोलू नका असं सांगितलं असेल. फोटो दिसला नाही याचाही अर्थ वाचलं नाही असा नसतो. पुढे काय झालं हे विचारायचं ते एचआर बाईंना, ईमेलवर, त्यांनी सांगितलेली मुदत उलटल्यावर. मॅनेजरांच्या इनबॉक्समध्ये दुसरं पत्र टाकू नये.

आणखी दोन गोष्टी आहेत ज्या चिठ्ठीत नसून चिठ्ठीभोवती असतात, आणि त्यांकडे कुणी बघत नाही. आमंत्रणासोबत तुमचं नाव, फोटो आणि नावाखालची ओळ जाते. मॅनेजर त्यावर टिचकी मारून तुमचं पान उघडतात. तिथे आधीच्या नोकरीची मुदत मार्चपर्यंत आणि बायोडेटात जूनपर्यंत असेल, तर आभार राहिले बाजूला, नवाच प्रश्न उभा राहतो. अनेकांचं लिंक्डइनचं पान कॉलेजात असताना भरलेलं असतं आणि बायोडेटा परवा. दोन्ही समोरासमोर ठेवून तारखा आणि पदांची नावं जुळवायची, आणि मगच आमंत्रण पाठवायचं.

दुसरी गोष्ट सध्याच्या नोकरीची. आपल्याकडे साठ-नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड असतो, आणि दुसरीकडे मुलाखती देतोय हे साहेबांना कळलं तर ते दिवस जड जातात. लिंक्डइनवर तुमच्या जोडलेल्यांची यादी तुमच्या इतर जोडलेल्यांना दिसते, तुम्ही ती बंद केली नसेल तर. तुमचे सातपूरचे साहेब त्यात असतील, आणि मंगळवारी तुमच्या यादीत चाकणच्या कारखान्याचे क्वालिटी मॅनेजर आणि तिथल्याच एचआर बाई एकदम दिसल्या, तर त्यांना फार डोकं चालवावं लागणार नाही. सेटिंगमध्ये `Visibility` खाली ही यादी फक्त स्वतःला दिसेल असं करता येतं. तसं केलं तरी दोघांच्या सामाईक ओळखी दिसत राहतात. म्हणजे साहेबही चाकणच्या त्या मॅनेजरांशी जोडलेले असतील तर यादी झाकूनही उपयोग नाही. एकाच धंद्यात, शे-दोनशे किलोमीटरच्या टापूत असं अगदी सहज असू शकतं. मॅनेजरांचं पान उघडल्यावर सामाईक ओळखींत कोण आहे ते आधी बघावं. त्यात आपले साहेब दिसले, तर `Connect`ला हात न लावता एचआरच्या ईमेलचा रस्ता धरावा.